पाइलचं टोक उशिरा जागं होतं

पाइल म्हणजे इमारतीचा भार खालच्या घट्ट थरावर नेऊन टेकवणारा खांब, असा सर्वसाधारण समज आहे. चिखलातून थेट खडकावर उभ्या केलेल्या पाइलला तो बराचसा लागूही पडतो. पण जाड चिकणमातीतच संपणाऱ्या पाइलचा भार मुख्यतः अंगाभोवतीची माती घर्षणाने धरते. टोकाचा वाटा थोडा असतो आणि तोही उशिरा मिळतो.

या उशिराचा हिशेब भार-संक्रमण वक्रांनी मांडता येतो. १९५७ मध्ये सीड आणि रीज यांनी मऊ चिकणमातीतल्या पाइलसाठी ही पद्धत मांडली. पाइलचे तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याला मातीची एक स्प्रिंग जोडायची. तो तुकडा इतका खाली सरकला तर माती किती घर्षण देईल, हे त्या स्प्रिंगचा वक्र सांगतो. तसाच एक वक्र टोकासाठी असतो.

हे वक्र केवढे वेगळे असतात, ते अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या समुद्री प्लॅटफॉर्मांसाठीच्या शिफारशींत दिसतं. त्यांनुसार चिकणमातीत अंगावरचं घर्षण पाइलच्या व्यासाच्या एक टक्का सरकल्यावर पूर्ण मिळतं, तर टोकाचा पूर्ण विरोध मिळायला दहा टक्के सरकावं लागतं. ६०० मिलिमीटरच्या पाइलसाठी हे आकडे ६ आणि ६० मिलिमीटर होतात. साठ मिलिमीटर खचलेली इमारत कुणाला चालणार?

आता एक कल्पित पाइल सोडवून पाहू. व्यास ६०० मिलिमीटर, लांबी १५ मीटर, सगळीकडे सारखी घट्ट चिकणमाती. अंगावर जास्तीत जास्त घर्षण चौरस मीटरला ५० किलोन्यूटन धरलं, तर एकूण १,४१४ किलोन्यूटन होतं. टोकाची कमाल क्षमता २५४.

गणित टोकापासून वर करायचं, कारण तिथल्या हालचालीचा अंदाज धरला की बाकीचं आपोआप उलगडतं. टोक ३ मिलिमीटर खाली गेलं असं माना. वक्रावरून टोकाचा विरोध मिळतो ८१ किलोन्यूटन. खालचा पाच मीटरचा तुकडाही साधारण तितकाच सरकला असल्याने घर्षण मिळतं ३२५. म्हणजे त्या तुकड्याच्या माथ्यावर ४०६ किलोन्यूटन भार आहे. एवढ्या भाराने काँक्रीटही थोडं दबतं, म्हणून वरचा तुकडा जरा जास्त सरकतो आणि त्याला घर्षणही जरा जास्त मिळतं: ३४३. सर्वांत वरच्या तुकड्याला ३६९. बेरीज १,११८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ११४ टन. काँक्रीटचं दबणं मिळवून माथा खचतो सुमारे ४ मिलिमीटर. भार-खचण आलेखावरचा एक बिंदू मिळाला. टोकाची हालचाल बदलत हेच पुन्हा केलं की अख्खा आलेख तयार होतो.

या बिंदूपाशी टोक एकूण भारापैकी फक्त सात टक्के उचलत होतं. टोक ६ मिलिमीटर सरकलं की घर्षण संपूर्ण वापरलं जातं, भार १,५२४ वर पोहोचतो आणि माथा सुमारे साडेसात मिलिमीटर खचतो. तिथून पुढे वाढणारा भार फक्त टोकाकडून येतो. टोक १२ मिलिमीटरपर्यंत नेलं, तरी बेरीज जेमतेम १,५५६ होते. आलेख अचानक आडवा पडतो तो यामुळे. काही चिकणमातींत जास्त सरकल्यावर घर्षण कमाल मूल्याच्या सत्तर ते नव्वद टक्क्यांवर उतरतं. तसं झालं तर एकूण भारही घसरतो. शिखरानंतरची ही उतरण हिशेबात न घेणारा आलेख मला जरा खोटा वाटतो.

आपल्याकडे आयएस २९११ नुसार इतक्या व्यासाच्या पाइलचा सुरक्षित भार भारचाचणीवरून दोन प्रकारे काढतात. माथा १२ मिलिमीटर खचतो त्या भाराचे दोन-तृतीयांश, किंवा व्यासाच्या दहा टक्के खचतो त्याचे निम्मे. कमी असेल तो धरायचा. आपल्या पाइलला हे साधारण १,०३० आणि ८३० येतात. ८३० किलोन्यूटनला खचण तीन मिलिमीटरच्या आतच राहते.

हे सारं वक्र खरे असतील तरच. वरचे वक्र मुख्यतः ठोकून बसवलेल्या पोलादी नळ्यांच्या पाइलसाठीचे. बोअर करून ओतलेल्या पाइलला ते जसेच्या तसे लावणं धाडसाचं. बोअरच्या तळाशी गाळ राहिला तर टोकाचा वक्र सुरुवातीला जवळजवळ सपाट असतो आणि गाळ दबेपर्यंत टोक काहीच देत नाही. माथ्यावरच्या डायल गेजवरून हा दोष टोकाचा की अंगाचा, ते कळत नाही. त्यासाठी पिंजऱ्यावर वेगवेगळ्या खोलींवर स्ट्रेन गेज बसवावे लागतात. दोन गेजमधल्या भाराचा फरक म्हणजे मधल्या तुकड्याचं घर्षण, आणि तळाजवळचा गेज टोकाचा भार सांगतो.

शेवटी दोन मर्यादा. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र धरलेली असते, त्यामुळे शेजारच्या पाइलमुळे माती आणखी दबते हे या गणितात येत नाही. आणि चाचणी थोड्याच वेळाची असते. चिकणमातीतलं पाणी निघत जाऊन वर्षानुवर्षं होणारं खचणं त्या आलेखात नसतं, ते वेगळं काढून मिळवावं लागतं.