सातबारा शीर्षकात, प्रश्न चित्रावर

यूट्यूबवर 'सातबारा ऑनलाइन' असं शोधलं की व्हिडिओंची लांबलचक रांग समोर येते. त्यातल्या कित्येक व्हिडिओंच्या शीर्षकात 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा' असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या थंबनेलवर, म्हणजे त्या छोट्या चित्रावर, तेच शब्द पिवळ्या ठसठशीत अक्षरांत पुन्हा दिसतात. एकच वाक्य दोनदा वाचूनही शोधणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही. सगळेच तसं करत असल्याने कोणता व्हिडिओ उघडावा हेही त्याला ठरवता येत नाही.

या सवयीमागचा समज असा, की महत्त्वाचा शब्द जितक्या ठिकाणी असेल तितका व्हिडिओ वर येईल. शोधाचे निकाल लावताना शीर्षक, वर्णन, टॅग आणि व्हिडिओतला आशय हे शोधलेल्या शब्दांशी किती जुळतात ते पाहिलं जातं, असं यूट्यूब स्वतः सांगतं. थंबनेलवर लिहिलेल्या शब्दांचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे शोधात सापडण्याचं काम शीर्षकाचं. रांगेत दिसल्यानंतर माणसाचं बोट तिथे थांबवायचं काम चित्राचं. आणि थांबायचं की नाही हे माणूस क्षणभरात ठरवतो.

मग चित्रावर काय लिहावं? त्यासाठी हा व्हिडिओ शोधणारा माणूस डोळ्यांपुढे आणायला हवा. त्याला सातबारा म्हणजे काय ते ठाऊक आहे. पीककर्जासाठी त्याला उतारा हवा आहे आणि त्याची खरी शंका पुढची आहे. राज्य सरकारच्या bhulekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर उतारा फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीपुरता असतो, सरकारी किंवा कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा घ्यावा लागतो आणि त्याला 15 रुपये पडतात. हा फरक माहीत नसलेला माणूस फुकटची प्रत छापून बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो.

व्हिडिओचं खरं मोल या फरकात आहे. म्हणून शीर्षक 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा | डिजिटल सहीचा 7/12' असं ठेवावं. लोक शोधताना 'सातबारा'ही लिहितात आणि '7/12'ही. दोन्ही रूपं त्यात आली. चित्रात उताऱ्याचा तक्ता मोठा दाखवावा. गावातला कुणीही तो पाहताक्षणी ओळखेल, त्यामुळे त्यावर 'सातबारा' लिहायची गरज उरत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत दोनच शब्द लिहावेत: 'बँकेत चालेल?' शीर्षकाने विषय सांगितला, तक्त्याने तो दाखवला आणि या दोन शब्दांनी शोधणाऱ्याच्या मनातली धास्ती बोलून दाखवली.

हेच दोन शब्द सातबाऱ्याच्या चित्राशिवाय आणि शीर्षकाशिवाय लटके पडले असते. चांगल्या थंबनेलची हीच खूण आहे. त्यावरचा मजकूर शीर्षकाला टेकून उभा असतो, तरी त्याची नक्कल करत नाही. शीर्षकाची मर्यादा 100 अक्षरांची असली, तरी फोनवर त्याचा शेवटचा भाग अनेकदा कापला जातो. म्हणून चित्रावरच्या शब्दांना ज्याचा आधार हवा, ते शीर्षकात सुरुवातीलाच यायला हवं.

देवनागरीत शब्द कमी ठेवायला आणखी एक कारण आहे. रोमन लिपीतली मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि रकारांची गर्दी होते. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकतात. अक्षरांना जाड काळी कड दिली की 'क्ष', 'द्ध' यांच्या आतली पोकळी बुजते. त्यामुळे इथे 'स्वाक्षरी'पेक्षा 'सही' आणि 'शुल्क'पेक्षा नुसतं '₹15' बरं. चित्र 1280 बाय 720 पिक्सेलचं करतात आणि संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ते झकास दिसतं, पण पाहणाऱ्याला ते बोटभर रुंदीचं दिसतं. तयार झालेलं चित्र साधारण 160 पिक्सेल रुंदीचं करून हातभर अंतरावरून वाचावं. अडखळायला झालं, तर अक्षरं मोठी करण्याआधी एक शब्द कमी करावा. उजवा खालचा कोपरा मात्र रिकामा सोडावा, तिथे व्हिडिओच्या लांबीचा आकडा येऊन बसतो आणि 'चालेल?' मधलं प्रश्नचिन्ह नेमकं त्याच्याखाली झाकलं जातं.

प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारी येते. 'बँकेत चालेल?' लिहून पहिली दोन मिनिटं चॅनेल सबस्क्राइब करायच्या विनवणीत घालवली, तर माणूस निघून जातो. यूट्यूब स्टुडिओत पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले ते दिसतं. क्लिकचं प्रमाण वाढलं आणि हा आकडा घसरला, तर चित्राने दिलेला शब्द व्हिडिओने पाळला नाही असं समजावं. उत्तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच द्यावं: फुकटचा चालणार नाही, सहीचा चालेल, तो कसा काढायचा ते आता पाहू. ज्याला खरंच उतारा हवा आहे, तो त्यानंतरही थांबतो. व्हिडिओत नसलेलं काही शीर्षकात किंवा थंबनेलवर कबूल करणाऱ्यांवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, भारतात कडक कारवाई करण्याचं यूट्यूबने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलं आहे.

दोन थंबनेलांपैकी कोणतं चांगलं यावर वाद घालण्यापेक्षा ते तपासता येतं. स्टुडिओत एका व्हिडिओसाठी तीन थंबनेल लावून पाहायची सोय आहे. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि जास्तीत जास्त दोन आठवड्यांत निकाल देतं. हा निकाल नुसत्या क्लिकवर ठरत नाही, कोणत्या चित्रामुळे लोकांनी जास्त वेळ पाहिलं यावर ठरतो. आपल्या व्हिडिओसाठी एक चित्र शीर्षकाची नक्कल करणारं, दुसरं 'बँकेत चालेल?' असं विचारणारं आणि तिसरं नुसत्या उताऱ्याचं, बिनशब्दांचं, अशी तीन लावावीत. फरक पुरेसा मोठा हवा. 'बँकेत चालेल?' आणि 'बँकेत चालतो का?' यांची तुलना केली तर निकाल बहुधा बरोबरीचा येईल. छोट्या चॅनेलला पाहणारेच थोडे असतात, त्यामुळे तिथे मोठा फरकही कधी कधी ठामपणे दिसत नाही.

काही विषयांत मात्र मुख्य शब्द चित्रावर घ्यावाच लागतो. 'वारस नोंद' ही गोष्ट चित्रात दाखवता येत नाही. कागदांचा गठ्ठा किंवा तहसील कार्यालयाची इमारत कशाचीही असू शकते. अशा वेळी 'वारस नोंद' हे दोन शब्द वर घ्यावेत आणि नवी माहिती देणारा एखादाच शब्द जोडावा: 'वारस नोंद अडली?' मूळ शब्द परत आला, पण 'अडली' या शब्दाने व्हिडिओ कोणासाठी आहे ते नेमकं सांगितलं.

'₹15' सारखा आकडा लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर बदलला तर शीर्षक आणि वर्णन दोन मिनिटांत दुरुस्त होतं, पण चित्र नव्याने करून चढवावं लागतं. ते विसरलं जातं आणि जुना दर पाहून आलेला माणूस पैसे भरताना बुचकळ्यात पडतो. बदलू शकणारे आकडे म्हणून वर्णनात ठेवावेत आणि चित्रावर तोच प्रश्न असावा, जो दर बदलला तरी बदलणार नाही.