वजनात शिरलेले पाणी

मेडशी हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याचे, अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. जुलैतल्या एका ओल्या दिवशी तिथे बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बसण्याचा योग आला. हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता काढायची होती. निर्जल सोडियम कार्बोनेटचे ०.०५ मोलर द्रावण करायचे, त्यातले २५ मिली पिपेटने घ्यायचे आणि ब्युरेटमधून आम्ल सोडत अनुमापन करायचे, असा नेहमीचा प्रयोग. सकाळच्या पहिल्या गटाला २४.८ मिली आम्ल लागले, दुपारच्या शेवटच्या गटाला २३.५ मिली.

आम्ल एकाच बाटलीतले होते. ब्युरेट वाचताना फार तर ०.१ मिलीची चूक होईल. इथे फरक १.३ मिलीचा होता. मुलांनी तराजूवर संशय घेतला, पण तराजू ठीक होता. मग टेबलावरच्या कार्बोनेटच्या बाटलीकडे लक्ष गेले. तिचे झाकण सकाळपासून उघडेच होते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर होते, तोच प्रकार इथे झाला होता. निर्जल सोडियम कार्बोनेट हवेतले बाष्प शोषून घेते. तराजूने वजन बरोबरच सांगितले, पण ते कार्बोनेट आणि पाणी या दोघांचे मिळून होते.

याचा उत्तरावर काय परिणाम होतो ते पाहू. आम्ल ०.१ मोलर असेल तर २५ मिली कार्बोनेटला २५ मिली आम्ल लागायला हवे. शेवटच्या गटाला २३.५ मिली लागले, म्हणजे त्यांच्या द्रावणात कार्बोनेट ९४ टक्केच होते. उरलेले ६ टक्के वजन पाण्याचे. त्यांनी मात्र आपले द्रावण ०.०५ मोलर धरले आणि आम्लाची तीव्रता ०.१०६ काढली. म्हणजे पाणी शिरले कार्बोनेटमध्ये आणि चूक दिसली आम्लात!

हे पाणी पदार्थात तीन वेळा शिरू शकते : वजन करण्यापूर्वी, तापवलेला पदार्थ थंड होताना आणि प्रत्यक्ष वजन करताना. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आधीच शिरलेले पाणी उष्णतेने काढावे लागते. सोडियम कार्बोनेट चिनी मातीच्या मुशीत घेऊन २५० ते २७० अंश सेल्सिअसला तासभर तापवतात. एवढ्या तापमानाची भट्टी नसेल तर साध्या ओव्हनमध्ये १५० अंशांना दोन तास ठेवले तरी ओलावा जातो. पदार्थ पुरता वाळला की नाही हे कसे कळावे? तापवा, थंड करा, वजन करा. मग पुन्हा अर्धा तास तापवून तेच करा. लागोपाठची दोन वजने जुळली, की पाणी संपले असे समजावे.

आता पदार्थ थंड करायचा. गरम भांडे तसेच तराजूवर ठेवू नये. त्याच्याभोवतीची हवा तापून वर चढते, त्या प्रवाहाने पारडे उचलले जाते आणि वजन कमी भरते. पण बाहेर उघड्यावर थंड केले तर वाळलेला पदार्थ पुन्हा बाष्प ओढू लागतो. म्हणून डेसिकेटर लागतो. हे जाड काचेचे झाकणाचे भांडे असते. तळाशी निर्जल कॅल्शियम क्लोराइड किंवा सिलिका जेल, वर सच्छिद्र तबकडी, आणि झाकणाच्या घासलेल्या कडेला व्हॅसलिनचा पातळ थर. गरम मूस मिनिटभर बाहेर ठेवूनच आत ठेवावी. नाही तर आतली हवा प्रसरण पावून झाकण उचलले जाते. पुढे हवा थंड झाली की आतला दाब कमी होतो, झाकण घट्ट बसते. ते वर न ओढता बाजूला हळूहळू सरकवावे. अर्धा ते पाऊण तास थंड होण्यास पुरतो. डेसिकेटर नसेल तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि तळाशी सिलिका जेल, एवढ्यावरही काम भागते. निळे जेल गुलाबी झाले, की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करून घ्यावे.

राहिला तिसरा प्रसंग, वजन करतानाचा. वॉचग्लासवर चमच्याने थोडे टाक, थोडे काढ, असे करत बरोबर १.३२५ ग्रॅम भरवण्यात पाच-दहा मिनिटे जातात. तेवढा वेळ पदार्थ पातळ थरात उघडा असतो. शिवाय द्रावणात ओतताना काही कण काचेला चिकटून राहतात. यावर उपाय म्हणजे फरकाने वजन करणे. वाळलेला पदार्थ झाकणाच्या छोट्या वजनकुपीत घ्यावा. झाकण लावून वजन करावे. मग चंचुपात्रावर कुपी तिरकी धरून, हलके टिचक्या मारत अंदाजे हवा तेवढा पदार्थ सोडावा आणि झाकण लावून पुन्हा वजन करावे. कुपीला बोटे लागू नयेत म्हणून ती कागदाच्या पट्टीने धरावी.

समजा, पहिले वजन १८.४६३२ ग्रॅम आणि दुसरे १७.१२९७ ग्रॅम आले. फरक १.३३३५ ग्रॅम, तेवढाच पदार्थ पात्रात गेला. आपल्याला १.३२५ हवे होते, पण बिघडले काहीच नाही. १.३३३५ ला १०५.९९ ने आणि मग ०.२५ लिटरने भागले, की द्रावण ०.०५०३३ मोलर असल्याचे कळते. ठरलेला आकडा भरवण्यापेक्षा आलेला आकडा नेमका माहीत असणे महत्त्वाचे.

या पद्धतीत कुपीचे वजन आणि तराजूची शून्यातली चूक दोन्ही वाचनांत सारखीच असते, म्हणून वजाबाकीत निघून जाते. कुपीला चिकटलेले कण दुसऱ्या वजनात मोजलेच जातात. पात्रात पडलेल्या पदार्थाने नंतर बाष्प शोषले तरी चालते, कारण त्याला पाण्यातच जायचे असते. मात्र कुपीतल्या उरलेल्या पदार्थाने मधल्या वेळात ओलावा घेतला, तर दुसरे वजन वाढते आणि फरक कमी भरतो. म्हणून झाकण क्षणभरच उघडावे.

तराजूचा आकडा हळूहळू चढत असेल तर दोन शक्यता असतात. भांडे अजून कोमट असेल, तर आकडा थोड्या वेळाने थांबतो. झाकण सैल असून ओलावा शिरत असेल, तर तो चढतच राहतो.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. पदार्थ मुळात ओला असेल तर फरकाने वजन करूनही ओल्याचेच वजन मिळते. आपला तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचत असेल, तर दोन वाचनांची मिळून ०.०२ ग्रॅमची चूक १.३ ग्रॅममध्ये दीड टक्का होते. तेव्हा ५.३ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण करावे. तीच चूक ०.४ टक्क्यावर येते.

काही पदार्थांना हे उपाय लागूच पडत नाहीत. कॉस्टिक सोडा बाष्पाबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतो. तो अंदाजाने घ्यावा आणि त्याच्या द्रावणाची तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने अनुमापन करून काढावी. हे आम्ल मात्र डेसिकेटरमध्ये ठेवू नये. त्याच्या स्फटिकात वजनाच्या २८.६ टक्के पाणी असते आणि ते आपण हिशेबात धरलेले असते. प्रभावी शोषकाजवळ ते पाणी उडू लागते. मग कमी वजनात जास्त आम्ल येते आणि मेडशीच्या त्या दुपारी झाली त्याच्या नेमकी उलटी चूक पदरी पडते.