सहाशे डॉलरचे रुपये किती?

परदेशातल्या ग्राहकाने पाठवलेले पैसे विक्रेत्याच्या खात्यात येईपर्यंत तीन ठिकाणी कमी होतात. पैसे पुढे सरकवण्याचे शुल्क वाटेतच कापले जाते, डॉलरचे रुपये करताना दरात फरक ठेवला जातो, आणि शेवटी आपली बँक सेवाशुल्क व जीएसटी वजा करते. पहिली आणि तिसरी कपात कागदावर दिसते. दुसरी कुठेही ‘शुल्क’ म्हणून लिहिलेली नसते, आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत मोठी असते. म्हणून ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात वाचली, की पहिला प्रश्न दराचा विचारायला हवा.

आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरच्या खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव सतत हलत असतात. त्यांच्या मधला भाव म्हणजे मध्यदर. इंटरनेटवर शोधल्यावर साधारणपणे हाच दिसतो. बँक मात्र येणारे डॉलर स्वतःच्या ‘टीटी बाइंग’ दराने घेते आणि तो मध्यदराहून कमी असतो. या दोहोंतला फरक ही बँकेची कमाई. पेमेंट प्लॅटफॉर्मही रूपांतर करताना असाच फरक ठेवू शकतो.

कोल्हापुरातल्या एका चपला बनवणाऱ्याचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या दुकानदाराने त्याला सहाशे डॉलरची ऑर्डर दिली आणि पैसे आगाऊ पाठवायचे ठरवले. मध्यदर ८५ रुपये धरला, तर ही रक्कम ५१,००० रुपये होते. पुढच्या हिशेबातले दर आणि शुल्के समजुतीसाठी धरलेली आहेत. ती बँकेनुसार आणि दिवसानुसार बदलतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिला मार्ग बँकेतून बँकेत, म्हणजे स्विफ्टचा. स्विफ्ट स्वतः पैसे हलवत नाही, ती बँकांमध्ये संदेश पोहोचवणारी यंत्रणा आहे. ग्राहकाच्या बँकेचा आणि कोल्हापूरच्या बँकेचा थेट व्यवहार नसेल, तर मधे एखादी मध्यस्थ बँक येते आणि आपले शुल्क रकमेतूनच कापून घेते. ते २० डॉलर धरू. उरलेल्या ५८० डॉलरना बँकेने मध्यदराहून एक टक्का कमी, म्हणजे ८४.१५ रुपये दर दिला, तर ४८,८०७ रुपये होतात. त्यातून बँकेचे ३०० रुपये शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ३५४ रुपये गेले. चलन बदलण्याच्या सेवेवर वेगळा जीएसटी लागतो. लाखाच्या आतल्या रकमेत एक टक्का हे सेवेचे मूल्य मानून, किमान २५० रुपये धरून, त्यावर १८ टक्के आकारणी होते. इथे ती ८८ रुपये होते. हातात आले ४८,३६५ रुपये, म्हणजे कपात पाच टक्क्यांच्या थोडी वर.

दुसरा मार्ग पेपालसारख्या प्लॅटफॉर्मचा. ग्राहकाला तो सर्वांत सोपा, कारण कार्डाने दोन मिनिटांत काम होते. शुल्क ४.४ टक्के अधिक ३० सेंट, आणि रूपांतराचा दर मध्यदराहून चार टक्के कमी धरला, तर ५७३.३० डॉलर गुणिले ८१.६० म्हणजे ४६,७८१ रुपये मिळतात. कपात आठ टक्क्यांहून जास्त. यात आणखी एक धोका आहे. पेपालवर ग्राहक पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो आणि निकाल त्याच्या बाजूने लागला तर पैसे परत जातात. पार्सल पोहोचल्याचा ट्रॅकिंग पुरावा तेवढा काळ जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरा मार्ग तुलनेने नवा आहे. काही प्लॅटफॉर्म विक्रेत्याला अमेरिकेतल्या खात्याचा क्रमांक देतात. ग्राहक तिथे देशांतर्गत पैसे भरावेत तसे भरतो, त्यामुळे मध्यस्थ बँक गळते आणि प्लॅटफॉर्म रुपये करून भारतातल्या खात्यात पाठवतो. मध्यदर आणि एक टक्का शुल्क, त्यावर जीएसटी धरला, तर कपात ६०२ रुपये होते आणि हातात ५०,३९८ रुपये येतात. अशा कंपनीकडे सीमापार व्यवहारांसाठीची रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे का, किंवा ती मान्यताप्राप्त बँकेमार्फत काम करते का, हे आधी तपासावे.

यावरून तिसरा मार्ग नेहमीच स्वस्त ठरतो असे मात्र नाही. रक्कम बदलली की क्रम बदलतो. त्याच चपलाकाराला एका हौशी ग्राहकाने ५० डॉलर स्विफ्टने पाठवले, तर ४,२५० रुपयांतले फक्त २,१२५ हाती येतात. ठरावीक शुल्क लहान रकमेला निम्मे खाऊन टाकते. अशा सुट्या विक्रीला पेपालची टक्केवारीही परवडते. उलट १०,००० डॉलरच्या घाऊक ऑर्डरवर एक टक्का शुल्क जीएसटीसह १०,०३० रुपये होते. एवढ्या रकमेसाठी बँकेच्या परकीय चलन विभागाला फोन करून दर ठरवून घेता येतो. मध्यदराहून ३० पैसे कमी दर मिळाला, तर मध्यस्थाचे २० डॉलर, बँकेचे शुल्क आणि जीएसटी धरूनही एकूण कपात ५,९०० रुपयांच्या आसपास राहते. घासाघीस न करता बँक देईल तो दर घेणारा विक्रेता हा फायदा नकळत सोडून देतो.

अपेक्षेपेक्षा पैसे कमी आले, तर ग्राहकाकडून त्याच्या बँकेच्या पेमेंट संदेशाची प्रत मागावी. २०२५ पर्यंत वापरात असलेल्या MT103 संदेशात 71A या रकान्यात शुल्क कोणी सोसायचे ते लिहिलेले असे. OUR म्हणजे पाठवणारा, BEN म्हणजे घेणारा, SHA म्हणजे दोघे आपापल्या बाजूचे. 33B मध्ये पाठवलेली मूळ रक्कम आणि 32A मध्ये पुढे सरकलेली रक्कम असे. दोन्हींतला फरक पाहिला की ग्राहकाच्या बँकेने रकमेतून काही कापले का, ते कळते. पुढच्या बिलावर ‘सर्व बँकशुल्क ग्राहकाचे’ असे आधीच लिहिता येते.

स्वस्त मार्गाच्या शोधात ग्राहकाने परदेशातल्या नातेवाइकाच्या खात्यात पैसे भरावेत, किंवा ‘कुटुंबाच्या खर्चासाठी’ म्हणून विक्रेत्याच्या बचत खात्यात पाठवावेत, अशा सूचना हमखास येतात. त्या टाळायलाच हव्यात. प्रत्येक रकमेला परपज कोड लागतो, आणि मालाच्या निर्यातीपोटी आलेल्या आगाऊ रकमेचा कोड P0103 आहे. आलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत शिपिंग बिलाशी जुळवली जाते. चुकीच्या कोडने आलेले पैसे निर्यातीचे म्हणून जुळत नाहीत, माल गेला पण पैसे आले नाहीत अशी नोंद उघडी राहते, आणि जीएसटी परताव्यासाठी किंवा निर्यातीच्या सवलतींसाठी पुरावा उरत नाही. वाटेत कापलेल्या २० डॉलरचेही तसेच. बिल ६०० चे आणि जमा ५८० चे असेल, तर तो फरक बँकशुल्काचा आहे हे बँकेला लेखी कळवून नोंद पूर्ण करून घ्यावी लागते. त्यासाठी प्रत्येक रकमेमागे परकीय रक्कम जमा झाल्याचे पत्र, म्हणजे ‘फिरा’, बँकेकडून किंवा प्लॅटफॉर्मकडून मिळवावे. ते पत्र सहज आणि विनाशुल्क मिळते का, हा प्रश्न खाते उघडण्यापूर्वीच दराच्या प्रश्नासोबत विचारावा.