नैवेद्याच्या वाटीपर्यंत येणारी रांग

श्रावण ते भाद्रपद हा सणांचा काळ आणि जमिनीतील वारुळांत पावसाचे पाणी शिरण्याचा काळ एकच असतो. त्यामुळे देवापुढील पेढ्यांची संख्या वाढते, त्याच दिवसांत मुंग्याही कोरड्या भिंतींच्या आश्रयाला घरात येतात. सकाळी बाळकृष्णापुढे ठेवलेली साखरेची वाटी दुपारी पाहावी, तर तिच्या कडेवरून मुंग्यांची एक रेषा भिंतीपर्यंत गेलेली असते. आपण वाटी झटकतो, मुंग्या पुसून काढतो आणि तासाभराने तीच रेषा त्याच जागी पुन्हा उमटते.

असे का होते, हे समजले तर पुष्कळ श्रम वाचतील. अन्नाच्या शोधात एकटी हिंडणारी मुंगी साखरेपर्यंत पोहोचली, की परतताना आपले पोट जमिनीला टेकवत जाते आणि वाटेवर गंधाचा अतिसूक्ष्म थर सोडते. तो गंध हुंगत दुसरी येते, तीही परतताना आपली भर घालते आणि थोड्याच वेळात राजमार्ग तयार होतो. आपण मुंग्या मारतो, पण हा मार्ग तसाच राहतो. गंधाचा थर तेलकट स्वरूपाचा असल्यामुळे नुसत्या ओल्या फडक्याने तो नीट निघत नाही. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळावा, त्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि वाटीपासून भिंतीतील फटीपर्यंतची संपूर्ण वाट पुसावी. मग साध्या पाण्याचा हात फिरवावा. मूर्ती व टाक आधी बाजूला काढून ठेवावेत.

एका घराचे उदाहरण घेऊ. देवघर स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले, शेजारी विजेच्या बटणांचा फलक, घरात ऐंशीच्या पुढच्या आजी आणि त्यांचे करणारी सून. मुंग्या रोज येतात, पण कुठून, ते कळत नाही. अशा वेळी वाटी लगेच उचलू नये. साखर घेऊन परतणारी मुंगी कुठे जाते, ते पंधरा-वीस मिनिटे हातात विजेरी घेऊन पाहावे. येथे ती समईला टेकलेल्या दिव्यांच्या माळेच्या तारेवरून चढते आणि बटणांच्या फलकामागे नाहीशी होते. म्हणजे उपाय वाटीपाशी नसून तारेपाशी आहे. माळ काढली, देवघराच्या लाकडाला भिंतीचा स्पर्श होत होता ती कड पुसली, भिंतीतील चीर पांढऱ्या सिमेंटने बुजवली, की येण्याचा सोपा मार्ग बंद झाला. विजेच्या फलकात मात्र पाणी, पावडर किंवा फवारा काहीही घालू नये.

आता मुंगी कोणती, तेही पाहावे. दोन मिलिमीटर लांबीची, पिवळसर तांबूस, जवळजवळ पारदर्शक दिसणारी मुंगी असेल, तर ती बहुधा ‘फॅरो मुंगी’ असते. हिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. विषारी फवारा मारला, की उरलेल्या मुंग्या राण्या व अंडी घेऊन पांगतात आणि एका वसाहतीच्या अनेक वसाहती होतात. फवारणीनंतर आठवड्याभरात देवघराबरोबर न्हाणीघरात आणि औषधांच्या कपाटातही मुंग्या दिसू लागल्या, तर हेच घडले असे समजावे. या मुंगीसाठी बाजारात मिळणारे, बंद डबीतील आमिष-औषध उपयोगी पडते. ते मुंग्या स्वतः घरट्यात नेतात. पहिले काही दिवस रांग वाढलेली दिसेल. त्या काळात आमिषाजवळची वाट पुसू नये, अन्यथा औषध घरट्यापर्यंत जाणारच नाही. डबी नैवेद्यापासून दूर, मुंग्यांच्या मूळ वाटेवर ठेवावी. घरगुती कृतीत सांगितली जाणारी बोरिक पावडर आपण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पिठीसाखरेसारखी दिसते. विस्मरण होणाऱ्या किंवा अधू दृष्टीच्या व्यक्तीच्या घरात ती स्वयंपाकघरात नसलेलीच बरी.

तेच मुंग्यांच्या खडूबद्दल. त्यात कीटकनाशक असते. देवघरासमोर ओढलेली त्याची पांढरी रेघ रांगोळीसारखी दिसते, आजी सवयीने ती बोटाने नीट करतात आणि त्याच हाताने नातवाला प्रसाद देतात.

‘मुंग्या पोटात गेल्या तर डोळे चांगले होतात,’ असे सांगून आपल्याकडे मुलांना मुंग्या लागलेला लाडू खाऊ घालतात. दृष्टीला याचा काहीही लाभ नाही. साखरेला लागलेली मुंगी मोरी, केराचा डबा, रुग्णाचे पातेले अशा अनेक ठिकाणांवरून आलेली असू शकते. ब्रिटनमधील रुग्णालयांतल्या फॅरो मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू आढळल्याचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला होता. निरोगी माणसाला एखादी मुंगी बाधेलच असे नाही, परंतु प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या वृद्धाच्या बाबतीत धोका कशाला पत्करावा? कोरडी साखर उन्हात ठेवली, की मुंग्या निघून जातात आणि ती चहाला उकळून वापरता येते. पेढा, बर्फी, पंचामृत यांना हा उपाय लागू नाही. ते ओलसर असतात आणि केशरी पेढ्यावर पिवळसर मुंगी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसतही नाही. मुंग्या लागलेला पेढा काढून टाकावा.

मुळात नैवेद्य दाखवायचा असतो, दिवसभर ठेवायचा नसतो. आरती होऊन प्रसाद वाटला, की उरलेले झाकणबंद करून शीतकपाटात ठेवावे. दुधाचे पदार्थ उष्ण दिवसांत दोन तासांहून अधिक उघड्यावर राहू देऊ नयेत. दिवसभर देवापुढे काही असावेच असे वाटत असेल, तर न चिरलेले फळ किंवा सालीसकट बदाम ठेवावेत. ताटाखाली काढलेले पाण्याचे चौकोनी मंडल काही मिनिटांत सुकते, त्यावर मुंग्यांसाठी विसंबू नये.

नैवेद्य ठेवायचाच असेल, तर पाण्याचा खंदक करावा. खोलगट ताटलीत दोन सेंटिमीटर पाणी घ्यावे, मधोमध पालथी वाटी आणि तिच्यावर नैवेद्याचे भांडे ठेवावे. हा उपाय फसतो तो फुलाच्या देठामुळे. हाराची पाकळी पाण्यात पडली, उदबत्तीची राख किंवा तेलाचा तवंग पसरला, की मुंग्यांना पूल मिळतो. म्हणून भांड्याला भिंत, समई, फूल काहीच टेकू देऊ नये. पाणी रोज सकाळी बदलावे, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात.

स्वयंपाकघरातील फडताळावर दोष बहुतेक वेळा डब्याच्या आत नसून बाहेर असतो. मधाच्या बाटलीचा ओघळ, गुळाच्या डब्याचा चिकट तळ, फडताळावर अंथरलेला जुना कागद यांवर मुंग्या पोसल्या जातात. शिवाय फिरकीच्या झाकणाच्या आट्यांमधून बारीक मुंगी सहज आत शिरते. रबरी कडी असलेले झाकण तिला अडवते. तरीही घट्ट डब्यांतून मुंग्या निघाल्या, तर आजींच्या बोटांकडे पाहावे. संधिवाताने आखडलेल्या हातांना झाकण फिरवून बंद करणे जमत नाही, म्हणून ते नुसते वर ठेवलेले असते. एका हाताने दाबून बंद होणारा, खटक्याचा डबा त्यांना आणून द्यावा.

मुंग्यांना साखर घालण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांनी तो सोडण्याचे कारण नाही. साखर अंगणातील वारुळापाशी, घराच्या भिंतीपासून दूर घालावी. इमारतीत राहणाऱ्यांनी ती खिडकीच्या कठड्यावर मात्र घालू नये, कारण तेथून देवघर चार हातांवर असते.