कॅमेरा सापळ्यातील रात्रीच्या भेटींची मोजणी

कॅमेरा सापळ्यातील रात्रीच्या भेटींची मोजणी म्हणजे जंगलातील स्वयंचलित कॅमेऱ्याने रात्री टिपलेल्या चित्रफितींतून प्राणी असलेल्या फिती निवडणे आणि त्यांवरून प्राण्यांच्या स्वतंत्र भेटी ठरवणे. फितींची संख्या, भेटींची संख्या आणि प्राण्यांची संख्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्राण्याचा वेध

कॅमेऱ्यातील संवेदक समोरून सरकणाऱ्या शरीराच्या आणि पार्श्वभूमीच्या उष्णतेतील फरक टिपतो. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगेत यावल अभयारण्य (स्थापना १९६९) आहे. तेथे उन्हाळ्यात तापलेले खडक सूर्यास्तानंतरही बराच वेळ गरम राहतात. त्यामुळे हा फरक कमी होतो आणि समोरून गेलेला प्राणी नोंदलाच जात नाही. म्हणून संध्याकाळच्या नोंदी कमी असल्या, तरी प्राणी कमी आले असे ठरत नाही.

रात्रीचे चित्रण अवरक्त प्रकाशात, कृष्णधवल होते. भिंगाजवळून उडणारा पतंग मोठ्या पांढऱ्या डागासारखा दिसतो, तर दूरच्या प्राण्याचे केवळ डोळे चमकतात. डाग क्षणात नाहीसा होतो. डोळ्यांची जोडी मात्र एकमेकांपासूनचे अंतर राखून एकत्र सरकते. मादीमागून पिल्ले येण्याची शक्यता असल्याने फीत शेवटपर्यंत पाहावी लागते.

भेट ठरवण्याचा नियम

सुमात्रातील वाघांच्या अभ्यासात (ओब्रायन व सहकारी, २००३) वापरलेला अर्ध्या तासाचा निकष पुढे रूढ झाला. एकाच ठिकाणी एकाच जातीच्या दोन नोंदींत अर्ध्या तासाहून अधिक अंतर असेल, तर त्या स्वतंत्र भेटी मानतात.

समजा, एका पाणवठ्यावर तरस ७.४२, ७.५८, ८.२० आणि रात्री २.१० वाजता टिपला गेला. अंतर लगतच्या फितीपासून मोजल्यास पहिल्या तीन फितींची एक भेट होते आणि एकूण भेटी दोन ठरतात. भेटीच्या पहिल्या फितीपासून मोजल्यास ८.२० ची फीत ३८ मिनिटांनंतरची असल्याने भेटी तीन होतात. म्हणून कोणती पद्धत वापरली, हे अहवालात नमूद करणे आवश्यक असते.

तुलना व मर्यादा

ठिकाणांची तुलना करण्यासाठी दर १०० कॅमेरा-रात्रींमागे भेटी काढतात. ६० रात्रींत ९ भेटी म्हणजे १५. परंतु बॅटरी संपून कॅमेरा १२ रात्री बंद असेल, तर भागाकार ४८ ने करावा लागतो आणि दर १८.७५ येतो. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकल्यास नोंदींच्या वेळा फसव्या ठरतात. यासाठी कॅमेरा लावताना व काढताना त्यासमोर मनगटी घड्याळ धरून चित्रण करतात.

हा दर प्राण्यांची संख्या सांगत नाही. वरील तीन भेटी एकाच तरसाच्या असू शकतात. त्याची खात्री अंगावरील पट्ट्यांवरून करता येते. मात्र दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसल्याने एकच बाजू टिपली गेली असेल, तर ओळख अपुरी राहते. रानडुकरासारख्या खुणा नसलेल्या प्राण्यांत ही सोयही नसते.