ट्रकचं ऑइल: किलोमीटर बघायचे की तास?

नागपूरहून मुंबईकडे माल नेणारा दहाचाकी ट्रक आणि खाणीतला दगड क्रशरवर ओतणारा दहाचाकी टिपर. दोघांचं इंजिन एकच, ऑइलचा डबाही एकच. तरीही दोघांचं ऑइल सारख्याच किलोमीटरला बदललं, तर एकाचे पैसे वाया जातील किंवा दुसऱ्याचं इंजिन लवकर उघडावं लागेल. गाडीच्या पुस्तकातला आकडा विशिष्ट कामासाठी दिलेला असतो. अनेक पुस्तकांत टिपरसाठी वेगळी ओळही असते, पण ती कुणी वाचत नाही.

आधी ऑइल कोणतं घ्यायचं ते पाहू. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली म्हणजे जाडी, आपल्याकडच्या जड वाहनांत बहुधा १५डब्ल्यू-४०. विदर्भातला उन्हाळा ४५ अंशांवर जातो, म्हणून त्याहून जाड ऑइल टाकावं, असं काही मालकांना वाटतं. पण चालू इंजिनातलं ऑइल एरवीही शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं. बाहेरच्या हवेने त्यात फार मोठा फरक पडत नाही. पुस्तकात जी जाडी दिली आहे तीच ठेवावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे ऑइलचा दर्जा: सीआय-४, सीजे-४, सीके-४ अशी अक्षरं. जुन्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. ते जळलं की आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षारयुक्त रसायनं जास्त घालत. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा दहा लाखात १० भागांवर उतरली. त्याच वेळी गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसली. जाळीत अडकलेली काजळी उष्णतेने जळून जाते. मात्र सिलिंडरमध्ये थोडं थोडं जळणाऱ्या ऑइलमधली धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साठत राहते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ ऑइलमध्ये राखेची मर्यादा १ टक्का ठेवली आहे. सीआय-४ ला तशी मर्यादा नाही. बीएस-६ गाडीत स्वस्त म्हणून सीआय-४ टाकलं, तर इंजिन लगेच बिघडत नाही, पण जाळी हळूहळू चोंदत जाते आणि तिचा खर्च ऑइलच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. उलट, जुन्या बीएस-३ किंवा बीएस-४ गाडीत सीके-४ चालतं. कंपनीने स्वतःच्या मंजुरीचा क्रमांक दिला असेल, तर तोही डब्यावर आहे का हे बघावं.

आता बदलीचा हिशेब. हिशेबापुरतं धरू की पुस्तकात ४०,००० किलोमीटर दिले आहेत. महामार्गावरचा ट्रक इंजिन चालू असताना ताशी सरासरी ५० किलोमीटर जातो, म्हणजे ऑइलने ८०० तास काम केलं. टिपर मात्र काट्यावर थांबतो, भरताना थांबतो, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढतो. त्याची सरासरी ताशी १५ पडते. ४०,००० किलोमीटर होईपर्यंत त्याच्या ऑइलने २,६०० हून जास्त तास काम केलेलं असेल. तासांच्या न्यायाने टिपरचं ऑइल १२,००० किलोमीटरलाच बदलायला हवं.

पण तासांचा हिशेबही पूर्ण खरा नाही. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितं. भरलेली गाडी घाट चढताना त्याच्या कितीतरी पट पितं. मीटरवर दोन्ही तास सारखेच मोजले जातात. ऑइलमध्ये येणारी काजळी आणि आम्ल हे किती डिझेल जळलं यावर जास्त अवलंबून असतं. महामार्गाच्या ट्रकने लिटरला ४ किलोमीटर दिले, तर त्याच्या ४०,००० किलोमीटरमध्ये १०,००० लिटर जळलं. टिपर लिटरला अडीच देत असेल, तर तेवढं डिझेल त्याने २५,००० किलोमीटरमध्ये जाळलं. म्हणजे तास सांगतात १२,०००, डिझेल सांगतं २५,०००. मला डिझेलचा हिशेब जास्त पटतो, पण खाणीत त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. थंडपणे उभ्या चालणाऱ्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि थोडं ऑइलमध्ये उतरतं. शिवाय तिथे धूळ असते, आणि ती ना तासांत दिसते ना लिटरमध्ये.

म्हणून सुरुवात खालच्या आकड्याने करावी आणि १२,००० ला जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. इंजिन गरम असताना चेंबरचा बोल्ट काढायचा, पहिलं लिटरभर वाहू द्यायचं, कारण तळाचा गाळ आधी येतो. मग मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत शंभरेक मिलिलिटर धरायचं. बाटलीवर किलोमीटर, तास, ऑइलचं नाव आणि मधल्या काळात किती लिटर टॉपअप केलं ते लिहायचं. टॉपअपची नोंद राहिली, तर अहवाल फसवतो. नव्या ऑइलची भर पडल्याने जुनं ऑइल आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. त्याच ब्रँडच्या नव्या ऑइलची एक बाटलीही सोबत दिली, तर तुलना करता येते.

अहवालात सगळे आकडे बघायची गरज नाही. शंभर अंशांवरची जाडी ४० ग्रेडसाठी १२.५ ते १६.३ या पट्ट्यात हवी. खाली घसरली, तर बहुधा डिझेल मिसळतंय. वर गेली, तर काजळी वाढलीय किंवा ऑइल जळून घट्ट झालंय. आम्ल मारण्याची ताकद टीबीएन या आकड्याने कळते. ती नव्याच्या निम्म्यावर आली की मुदत संपली असं धरावं. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं, तर कूलंट आत येतंय का ते तपासावं.

समजा टिपरच्या अहवालात जाडी ठीक आहे, टीबीएन १० वरून ७ वर आलाय, काजळी कमी आहे. एवढ्यावर मुदत वाढवावीशी वाटेल. पण सिलिकॉन आणि लोह दोन्ही चढलेले आहेत. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ (नव्या ऑइलमध्येही फेस मारण्यासाठी थोडं सिलिकॉन असतं, म्हणून तर नव्याची बाटली), आणि लोह म्हणजे लायनर झिजतोय. इथे ऑइल चांगलं आहे, दोष हवेच्या वाटेत आहे. एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी हाताने चाचपावी, क्लॅम्पखाली बारीक धुळीची रेघ दिसते का पाहावं. फिल्टर हवेच्या दाबाने फुंकून फुंकून त्याचा कागद फाटलेला असू शकतो. ते दुरुस्त होईपर्यंत मुदत एक किलोमीटरनेही वाढवू नये. दुरुस्तीनंतरचा १२,००० चा नमुना स्वच्छ आला, तर १५,००० वर जावं, तिथे पुन्हा नमुना, मग १८,०००. कंपनीची वॉरंटी चालू असेल, तर पुस्तकातल्या टिपरच्या मर्यादेपुढे जाऊ नये, अहवाल कितीही चांगला असो.

रंगावरून निर्णय घेऊ नये. डिझेल इंजिनाचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी आपल्यात धरून ठेवतं, आणि ते त्याचं कामच आहे. मात्र टॉपअप न करता गेजवरची पातळी वर चढली, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. बीएस-६ च्या काही इंजिनांत जाळी साफ होण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल फवारलं जातं आणि मधेच इंजिन बंद केलं की ते खाली झिरपतं. अशा वेळी कुठलाही हिशेब न बघता ऑइल काढावं आणि आधी कारण शोधावं. ऊस हंगामानंतर महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तर किलोमीटर आणि तास दोन्ही लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी पुस्तकात महिन्यांची मर्यादा दिलेली असते, तीच धरावी.