चाकांवरचा पूल

इटलीतल्या बांधकामावर ‘पोंते सु रुओते’ म्हणजे चाकांवरची परांची. ‘पोंते’चा शब्दकोशातला पहिला अर्थ मात्र पूल. पंजाबी मजुरासाठी भाषांतर करणाऱ्याने तोच उचलला, तर ‘माणसं वर असताना परांची हलवू नका’ या सूचनेत पूल हलवायची मनाई होते. पूल कोण हलवतो? मजूर हसून पुढे जाणार. आणि वरचा माणूस उतरायच्या आतच खालचा परांची ढकलणार.

तिथला २००८चा सुरक्षा कायदा सांगतो की, स्थलांतरित कामगाराला प्रशिक्षणाची भाषा समजते का, हे आधी तपासावं. नुसती सही घेऊन ते कसं कळणार? परांची हलवायला सांगावी. तो आधी वर बघतो का, ते पाहावं.